आध्यात्मिकता व संघटित धर्म
आध्यात्मिकता म्हणजे परमतत्त्वाशी असलेल्या व्यक्तीच्या आंतरिक नात्याचा अनुभव. संघटित धर्म म्हणजे त्या अनुभवाला आधार देणारी ग्रंथप्रामाण्य, पुरोहितवर्ग, विधी व शिस्त यांची सामाजिक व्यवस्था. काही माणसे पहिलीकडे व काही दुसरीकडे का वळतात, हे सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये उदयास आलेल्या क्वेकर पंथाच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

या पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स (१६२४–९१) हा एका विणकराचा मुलगा. तरुणपणी त्याने अनेक धर्मोपदेशकांकडे मनःशांतीचा मार्ग विचारला; परंतु कोणाच्याही उत्तराने त्याचे समाधान झाले नाही. प्रत्येक मनुष्याच्या ठायी दैवी प्रकाश असून त्याला मध्यस्थाची गरज नाही, अशी त्याची धारणा १६४७ च्या सुमारास झाली. त्याचे अनुयायी वेदी व पुरोहित यांवाचून निःशब्दपणे एकत्र बसत आणि ज्याला अंतःप्रेरणा होई, तो स्त्री असो वा पुरुष, बोलत असे. त्या काळी चर्चच्या निर्वाहासाठी उत्पन्नाचा दहावा हिस्सा सक्तीने घेतला जाई. त्यामुळे या शिकवणीचे आकर्षण केवळ तात्त्विक नव्हते. तो कर नाकारल्याबद्दल अनेकांनी तुरुंगवास भोगला.

परंतु अंतःप्रेरणा खरी की भ्रामक, हे कोणी ठरवावे? १६५६ मध्ये जेम्स नेलर हा प्रमुख क्वेकर उपदेशक येशूच्या जेरूसलेम-प्रवेशाचे अनुकरण करीत घोड्यावरून ब्रिस्टल शहरात शिरला. संसदेने त्याला ईश्वरनिंदेबद्दल दोषी ठरवून फटके मारले, जिभेला तप्त सळईने भोक पाडले व कपाळावर डाग दिला. या प्रकरणाने पंथाची मोठी नाचक्की झाली. पुढे, छळाचाही सामना करावा लागत असल्याने, फॉक्सने १६६० नंतरच्या दशकात मासिक व त्रैमासिक सभांची व्यवस्था घालून दिली. सभा विवाहांना मान्यता देत, गरजूंना साहाय्य करीत व वैयक्तिक प्रेरणेची सामूहिक पारख करीत.

जॉन विल्किन्सन व जॉन स्टोरी यांनी १६७० नंतरच्या दशकात या व्यवस्थेला विरोध केला. अंतःप्रकाशावर सभेची सत्ता चालवणे म्हणजे जुनी धर्मसंस्थाच परत आणणे होय, असे त्यांचे म्हणणे होते. त्यातून फूट पडली. त्यांची शंका सर्वस्वी निराधार नव्हती. अठराव्या शतकात पंथाबाहेर विवाह करणाऱ्यांना सदस्यत्वातून काढून टाकण्यात येई. त्यामुळे पंथाची सदस्यसंख्या घटली व १८६० च्या सुमारास ब्रिटनमध्ये हा नियम शिथिल करावा लागला. दुसरीकडे, त्याच सभांमुळे कारावासात असलेल्यांच्या कुटुंबांना आधार मिळाला व पंथ टिकून राहिला.

तात्पर्य, मध्यस्थाचा जाच ज्याला सोसवत नाही तो आंतरिक अनुभवाकडे वळतो. तर एकाकीपणाची व आत्मवंचनेची भीती ज्याला वाटते तो समुदायाची शिस्त पत्करतो. फॉक्सच्या आयुष्यात या दोन्ही गरजा एकामागून एक प्रकट झाल्या.