ओरेमचे अर्धे-अर्धे

१ + १/२ + १/३ + १/४ … या हार्मोनिक मालिकेतील पदे शून्याकडे झुकत जातात. तेव्हा बेरीजही कुठेतरी स्थिरावेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. इ.स. १३५० च्या सुमारास निकोल ओरेम या फ्रेंच विद्वानाने हा समज खोडून काढला.

त्याने पदांचे गट पाडले. १/३ हे १/४ पेक्षा मोठे, म्हणून त्या दोघांची बेरीज १/२ हून अधिक. पुढची चार पदे १/५ ते १/८. त्यांतले एकही १/८ पेक्षा लहान नाही, म्हणजे बेरीज पुन्हा १/२ हून अधिक. मग आठ पदांचा गट, मग सोळा पदांचा. गट दरवेळी दुप्पट लांबतो, पण पदे कधीच संपत नाहीत. त्यामुळे प्रत्येक गटामागे अर्ध्याहून अधिक भर पडतच राहते आणि बेरीज कोणतीही मर्यादा ओलांडते.

वेग मात्र फसवा आहे. बेरजेने १० ओलांडायला १२,३६७ पदे लागतात! नुसती बेरीज करत बसणाऱ्याला ती थांबल्यासारखीच वाटेल. (ओरेमचे गट तर १० ची हमी २,६२,१४४ पदांनंतर देतात, पण त्याला वेग मोजायचाच नव्हता.)

पुढे ही सिद्धता विस्मृतीत गेली. सतराव्या शतकात इटलीत पिएत्रो मेंगोलीने आणि नंतर बर्नुली बंधूंनी तोच निष्कर्ष आपापल्या वाटेने पुन्हा गाठला.