झिजलेली प्रत आणि प्रेक्षकांची नजर

रिळावरचे चित्र बरे की डिजिटल, हा वाद शिरूर-दौंडच्या माणसाने जत्रेतल्या तंबूवरून तपासावा. शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) या माहितीपटात महाराष्ट्रातले फिरते सिनेमे रिळे सोडून डिजिटल यंत्राकडे वळताना दिसतात.

तंबूत येणारी प्रत बहुधा आधी पुष्कळ ठिकाणी चालून झिजलेली असे. फीत तुटली की चालक फाटकी टोके कापून जोड देई. फुटात चौकटी सोळा आणि सेकंदाला लागतात चोवीस. म्हणजे फूटभर फीत गेली की सेकंदाचा दोन-तृतीयांश भाग त्या प्रतीतून कायमचा गेला. त्यातही एक गंमत आहे. यंत्रात फीत आधी चित्राच्या झरोक्यातून जाते व मग आवाज वाचणाऱ्या भागापाशी पोचते. या दोहोंत सुमारे वीस चौकटींचे अंतर. त्यामुळे जोड आला की आधी नट जागचा उडे आणि पाऊण सेकंदानंतर आवाज तुटे. हे कारण प्रेक्षकाला ठाऊक नसे, पण गाण्यातला हुकलेला शब्द त्याला नेमका कळे.

फाइल शंभराव्या खेळालाही पहिल्यासारखीच राहते. तेव्हा ‘डिजिटल स्पष्ट दिसते’ म्हणणारा बहुधा झिजलेल्या प्रतीशी तुलना करीत असतो. कोरी प्रत त्याने पाहिलेलीच नसते. चित्र अंधुक दिसले तर मात्र दोष फितीला देऊ नये. दिवा जुना झाला किंवा पडदा मळला, की दोन्हीकडे तेच होते. आणि डिजिटल चित्र गोठून त्याचे चौकोन झाले, तर तिथे कात्री व चिकटपट्टी चालत नाही.