साध्य दिलेलं, साधन शोधायचं : ॲरिस्टॉटल ते ‘फिअर’मधला सैनिक



आज आम्ही एका दारापासून सुरुवात करणार आहोत. २००५ साली अमेरिकेतल्या मोनोलिथ प्रॉडक्शन्स या कंपनीनं ‘फिअर’ नावाचा संगणकीय खेळ बाजारात आणला. बंदुका, अंधारे मजले आणि खेळाडूच्या मागावर असलेले सैनिक, असा तो खेळ. समजा खेळाडू एका खोलीत शिरला आणि दाराला अंग टेकवून उभा राहिला. बाहेरचा सैनिक दार उघडू पाहतो, पण ते उघडत नाही. मग तो लाथ मारतो. तरीही दार हलत नाही, तेव्हा तो सरळ खिडकीतून आत उडी घेतो. आता गंमत अशी की ‘आधी दार, मग लाथ, मग खिडकी’ हा क्रम कोणीही लिहून ठेवलेला नव्हता. सैनिकानं तो त्या क्षणी जुळवला. हे कसं घडलं, आणि ‘त्यानं ठरवलं’ असं म्हणणं कितपत बरोबर आहे, हे दोन प्रश्न आज आपल्यापुढे आहेत.

तत्त्वज्ञानाच्या माणसानं या विषयात का पडावं, असं कुणी विचारील. कारण हा विषय आमच्याच घरातून निघालेला आहे. ‘निकोमाखियन नीतिशास्त्रा’च्या तिसऱ्या भागात ॲरिस्टॉटल विचारविनिमयाची, म्हणजे काय करावं हे ठरवण्याच्या क्रियेची चर्चा करतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : आपण साध्याबद्दल खल करत नाही, साधनांबद्दल करतो. वैद्य रोग्याला बरं करावं की नाही यावर विचार करत बसत नाही. ते गृहीत धरून ‘कसं’ एवढंच शोधतो. साधनं अनेक असली तर सर्वात सोपं आणि चांगलं कोणतं ते पाहतो. मग ते साधन कशानं मिळेल, ते कशानं मिळेल, असं मागे मागे जात आत्ता हाताशी असलेल्या कृतीपर्यंत येतो. शोधात जे शेवटी सापडतं, ते करताना सर्वात आधी येतं. आणि वाटेत अशक्य गोष्ट आडवी आली, तर माणूस तो शोध सोडून देतो. हे चारही मुद्दे लक्षात ठेवा : साध्य दिलेलं असतं, सोपं साधन निवडायचं असतं, विचार उलटा चालतो, आणि अशक्य ते सोडायचं असतं.

आता एकदम कॅलिफोर्नियात येऊ. स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘शेकी’ नावाचा चाकांवरचा यंत्रमानव तयार होत होता. खोल्यांमधून फिरायचं, खोकी ढकलायची, एवढंच त्याचं काम. त्याच्यासाठी १९६८ साली हार्ट, निल्सन आणि राफाएल यांनी सर्वात स्वस्त वाट शोधण्याची ‘ए-स्टार’ ही रीत मांडली. १९७१ साली फाइक्स आणि निल्सन यांनी ‘स्ट्रिप्स’ नावाची नियोजनपद्धत प्रसिद्ध केली. स्ट्रिप्समध्ये प्रत्येक कृतीला दोन गोष्टी जोडलेल्या असतात : ती करण्याआधी काय खरं असायला हवं, म्हणजे पूर्वअट, आणि ती केल्यावर काय खरं होतं व काय खोटं होतं, म्हणजे परिणाम.

हे वाटतं तितकं किरकोळ नाही. १९६९ साली मॅकार्थी आणि हेझ यांनी एक अडचण पुढे आणली होती. खोकं ढकललं तर खोक्याची जागा बदलली हे यंत्राला सांगता येतं. पण भिंतीचा रंग बदलला नाही, दिवा विझला नाही, हे सगळं न संपणारं कुठवर सांगायचं? स्ट्रिप्सचं उत्तर व्यवहारी होतं : जे बदललं म्हणून सांगितलं तेवढंच बदललं, बाकी जग जसंच्या तसं. पुढं खेळांमध्ये जे आलं ते याच करारावर उभं आहे.

खेळांमध्ये त्याआधी काय चालायचं? ‘स्टेट मशीन’. पात्र गस्त घालतंय; शत्रू दिसला की हल्ला; जखम झाली की आडोसा. प्रत्येक अवस्थेतून पुढच्या अवस्थेत जाणारा बाण प्रोग्रॅमरनं हातानं काढायचा. अवस्था थोड्या असल्या की हे उत्तम चालतं. वाढल्या की बाणांचं जाळं होतं. याच कंपनीच्या २००२च्या ‘नो वन लिव्ह्ज फॉरएव्हर २’ या खेळाच्या वेळचा अनुभव जेफ ऑर्किन यांनी लिहून ठेवला आहे. काम संपत आलं असताना मागणी आली, की पात्रांनी अंधाऱ्या खोलीत शिरताना दिवा लावावा. मागणी अगदी साधी. पण प्रत्येक साध्याच्या पोटात वेगळं स्टेट मशीन होतं. पहाऱ्याचं, शोधाशोधीचं, पाठलागाचं, असं प्रत्येक उघडून त्यात दिवा लावण्याची जागा शोधावी लागली. शेवटच्या टप्प्यात हे डोकेदुखीचं आणि धोक्याचंही काम.

‘फिअर’साठी ऑर्किन यांनी साध्य आणि कृती यांची गाठच सोडली. साध्यांची यादी वेगळी, कृतींची वेगळी. दोन्हींची सांगड पात्रानं खेळाच्या क्षणी घालायची. ही पद्धत साध्याभिमुख कृतिनियोजन म्हणून ओळखली जाते. इंग्रजी आद्याक्षरांवरून लोक तिला ‘गोप’ म्हणतात. दिव्याचं उदाहरण इथं कसं सुटेल पाहा. ‘दिवा लावणे’ अशी एक कृती घालायची, तिचा परिणाम ‘उजेड आहे’. आणि ‘तिथे जाणे’ या कृतीला ‘उजेड आहे’ ही पूर्वअट जोडायची. मग कोणत्याही कारणानं तिथे जायचं असो, दिवा आपोआप आधी लागतो.

एक उदाहरण सावकाश सोडवून पाहू. आकडे आम्ही समजावण्यापुरते घेतले आहेत. सैनिकाचं साध्य : खेळाडू ठार. त्याच्याकडे चार कृती आहेत. गोळी झाडणे : पूर्वअट ‘बंदूक भरलेली’, खर्च ४. बंदूक भरणे : पूर्वअट ‘गोळ्या जवळ आहेत’, खर्च २. बंदुकीच्या दस्त्यानं हाणणे : पूर्वअट ‘खेळाडू हाताच्या अंतरावर’, खर्च ३. धावत जवळ जाणे : खर्च ६. आत्ता बंदूक रिकामी आहे, गोळ्या खिशात आहेत, खेळाडू लांब आहे.

नियोजक साध्यापासून उलटा निघतो. ‘ठार’ हा परिणाम कशानं मिळतो? झाडण्यानं किंवा हाणण्यानं. झाडायला बंदूक भरलेली हवी, ती भरण्यानं मिळते, आणि गोळ्या खिशात आहेतच. एकूण खर्च ६. हाणायला जवळ हवं, म्हणजे धावायला हवं, एकूण ९. ए-स्टार स्वस्त वाट निवडतो : आधी भर, मग झाड. आता खेळाडू स्वतःच अगदी जवळ आला तर? हाणणे एकट्यानंच पुरतं, खर्च ३. तेव्हा सैनिक भरत न बसता दस्ता फिरवतो. आणि गोळ्याच संपल्या तर पहिली वाट बंद होते, मग धावून हाणणं उरतं. तीन प्रसंगी तीन वागणुका, आणि लिहिल्या होत्या फक्त चार कृती.

दाराचंही तसंच. कृती फसली की सैनिक ते आपल्या स्मरणात नोंदवतो आणि नव्यानं योजना करतो. शहाणपणाचा भास होतो तो इथं : जगानं नाही म्हटल्यावर तो दुसरं काही करून पाहतो.

आणि अशक्यतेचं? ऑर्किन यांनी सैनिक, मारेकरी आणि उंदीर या तिघांना सारखीच दोन साध्यं दिल्याचं उदाहरण दिलं आहे : गस्त घालणे आणि शत्रूला मारणे. उंदराकडे मारण्याची कृतीच नाही. तो शोध घेतो, वाट सापडत नाही, आणि मुकाट्यानं गस्त घालत राहतो. ॲरिस्टॉटलच्या चौथ्या मुद्द्याला याहून चांगला दाखला आम्हाला आजवर वर्गात देता आला नव्हता.

आता मर्यादा. पहिली संगणकाच्या वेळेची. ‘खिडकीपर्यंत वाट आहे का’ हे तपासणं महाग असतं, आणि खेळात चित्र सेकंदाला कितीतरी वेळा नव्यानं काढावं लागतं. म्हणून अशा तपासण्या पात्राची ‘इंद्रियं’ थोड्या थोड्या करून ठेवतात, उत्तर स्मरणात टाकतात, आणि नियोजक ते तिथून उचलतो. योजनाही मोजक्या पावलांच्याच असतात.

दुसरी मर्यादा दुरुस्तीची. स्टेट मशीनमध्ये चूक झाली की एका बाणावर बोट ठेवता येतं. इथं क्रम कुणी लिहिलेलाच नाही, मग बोट कुठे ठेवणार? पात्र दोन जागांमध्ये येरझारा घालताना दिसलं, तर समजावं की दोन साध्यांचं महत्त्व जवळजवळ सारखं आहे आणि एखादी अट सतत खरी-खोटी होते आहे. प्रत्येक वेळी जुनी योजना मोडून नवी होते. एखादी कृती कधीच दिसली नाही, तर बहुधा तिचा खर्च जास्त लावला आहे किंवा परिणाम लिहायचा राहिला आहे. म्हणून त्या क्षणाचं जगाचं वर्णन आणि निवडलेली योजना, दोन्ही नोंदवून ठेवावी लागतात.

तिसरी मर्यादा आम्हाला सर्वात महत्त्वाची वाटते. हा नियोजक एकट्यापुरता विचार करतो. ‘फिअर’ खेळलेले लोक सांगतात, की सैनिक संगनमतानं बगलेतून घेरतात. ऑर्किन यांचा खुलासा ऐकला की मौज वाटते. तुकडी सांभाळणारा वेगळा, साधा भाग होता. तो ‘आडोशाला जा’, ‘पुढे सरका’, ‘शोधा’ अशी मोजकी कामं वाटायचा. घेरण्याचा गुंतागुंतीचा डाव त्यात नव्हताच. खेळाडूनं जागा बदलली की सैनिकाचा आडोसा निरुपयोगी व्हायचा, आणि तो जवळच्या दुसऱ्या चांगल्या आडोशाकडे जायचा. तो आडोसा कधी खेळाडूच्या बगलेला असायचा, आणि या जागा कुठे असाव्यात हे पातळी रचणाऱ्या माणसांनी आधीच आखून ठेवलेलं असायचं. त्यातच सैनिक एकमेकांशी बोलायचे : एकानं हाल विचारायचे, दुसऱ्यानं लागलंय की ठीक आहे ते सांगायचं. हे संवाद वागणुकीवर नंतर चढवलेले. खेळाडू ते ऐकून मनात सेनापती उभा करायचा. म्हणजे डावपेचाचा बराचसा भाग खेळाडूच्याच डोक्यात तयार होत होता.

तर, सैनिक ‘ठरवतो’ का? साधनांपुरतं, होय, ॲरिस्टॉटलच्या वर्णनातली प्रत्येक पायरी तो पार करतो. पण साध्याची यादी त्याला कुणीतरी दिलेली आहे, आणि ‘खेळाडूला मारावंच का’ हा प्रश्न त्याच्या यंत्रणेत विचारताच येत नाही. ॲरिस्टॉटललाही हा प्रश्न होता. त्याचं उत्तर असं, की योग्य साध्य दिसणं हे विचारविनिमयाचं काम नव्हे, ते चारित्र्यातून, सवयीतून घडतं. खिडकीतून उडी घेणाऱ्या त्या सैनिकाला सवयीही नाहीत आणि बालपणही नाही. साधनं निवडण्यात तो आपल्यापैकी कित्येकांपेक्षा तत्पर आहे. साध्याची जबाबदारी मात्र ती यादी लिहिणाऱ्यावरच राहते, आणि आपण जिथे जिथे ‘यंत्रानं ठरवलं’ असं म्हणतो, तिथे ती यादी कुणी लिहिली हे विचारायला हवं.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर अवश्य विचारा.