बॅनरवर दुसऱ्याचे वाक्य छापताना: नाव लिहिणे पुरेसे आहे का?

जयंतीच्या बॅनरवर किंवा दुकानाच्या पेजवर वाक्य टाकताना खाली लेखकाचे नाव लिहिले की झाले, असे अनेकांना वाटते. आम्ही येथे दोन गोष्टी वेगळ्या करून सांगतो. नाव देणे म्हणजे श्रेय. ते वाक्य वापरण्याची मुभा म्हणजे हक्क. श्रेय दिल्याने हक्क मिळत नाही.

भारतात कॉपीराइट कायदा, 1957 लागू आहे. लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे 60 वर्षे टिकतो. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण 1956 साली झाले. म्हणून त्यांनी हयातीत प्रकाशित केलेले लेखन 1 जानेवारी 2017 पासून सर्वांसाठी खुले आहे. मृत्यूनंतर प्रथमच छापल्या गेलेल्या लेखनाची 60 वर्षे मात्र प्रकाशनापासून मोजतात.

एक उदाहरण घेऊ. मंडळाला 14 एप्रिलच्या बॅनरवर 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' मधील वाक्य हवे आहे. पुस्तक 1936 चे, म्हणजे मूळ इंग्रजी मजकूर खुला. पण मराठी अनुवाद अलीकडच्या पुस्तकातून उचलला, तर अनुवादकाचा हक्क स्वतंत्र असतो. अशा वेळी मूळ वाक्यावरून आपणच अनुवाद करावा आणि खाली लिहावे: 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर, अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट, 1936. अनुवाद: मंडळ.' असे वाक्य कोणालाही पडताळता येते. पुस्तकाचे नाव सापडत नसेल, तर ते वाक्य बाबासाहेबांच्या नावावर छापू नये.

आता वामनदादा कर्डकांच्या गीताची ओळ घ्या. वामनदादा 2004 साली गेले, म्हणजे हक्क 2064 अखेरपर्यंत आहेत. कायद्याच्या कलम 52 मध्ये परवानगीशिवाय वापराची मुभा आहे. त्यात खासगी वापर व संशोधन, टीका-समीक्षा आणि चालू घडामोडींचे वार्तांकन यांचा समावेश होतो. गीतावर लेख लिहिताना ओळ उद्धृत करणे त्यात बसते. क्लासच्या पेजवर 'प्रवेश सुरू' या मजकुराच्या वर ती ओळ टाकणे ही जाहिरात आहे, आणि ते या मुभेत बसवणे कठीण आहे. गीत छोटे असेल, तर एक ओळही त्याचा महत्त्वाचा भाग ठरू शकते.

म्हणून वारसांना किंवा प्रकाशकाला लेखी विचारावे. कोणती ओळ, कुठे, किती दिवस आणि कोणत्या कामासाठी, हे चारही सांगावे. होकार लेखी मिळवून जपून ठेवावा.

ओळीतला शब्दही बदलू नये. कलम 57 नुसार लेखकाच्या प्रतिष्ठेला बाध येईल अशी मोडतोड झाल्यास लेखक आणि त्याचे वारस हरकत घेऊ शकतात. जागा कमी असेल, तर वाक्य छाटण्यापेक्षा लहान वाक्य निवडलेले बरे.