भरलेले मूत्राशय, रिकामे मूत्राशय

मुरबाड-शहापूरकडच्या पाड्यांवरून सोनोग्राफीला निघालेल्या बाईला कधी ‘पाणी पिऊन या, लघवी रोखा’ असे सांगतात, तर कधी ‘लघवी करून या’. एसटीच्या हादऱ्यांत पहिली सूचना पाळणे ही शिक्षाच!

ग्लासगोचे डॉ. इयन डोनाल्ड यांनी १९५८ साली पोटातील गाठींच्या ध्वनिप्रतिमा प्रसिद्ध केल्या. गर्भाशय मात्र ओटीपोटात खोल असते आणि त्याच्या आड आतडी येतात. आतड्यांतल्या वायूवरून ध्वनी माघारी फिरतो. १९६३च्या सुमारास डोनाल्ड यांनी यावर उपाय दाखवला, तो म्हणजे भरलेले मूत्राशय. ते आतडी बाजूला सारते आणि त्यातल्या द्रवातून ध्वनी सहज पुढे जातो.

पोटावरून खोलवर पोहोचायला सेकंदाला सुमारे ३५ लाख कंपनांचा ध्वनी लागतो. कंपने वाढवली तर बारकावे दिसतात, पण ध्वनी लवकर विरतो. मग अवयवाच्या जवळच जायला हवे. १९८०नंतर रूढ झालेला, योनिमार्गातून वापरायचा प्रोब हेच करतो. त्याची कंपने साधारण दुप्पट असतात. येथे भरलेले मूत्राशय गर्भाशयाला दूर ढकलते, म्हणून ते रिकामे हवे.

समजा, पाळी चुकून दोन आठवडे झाले आहेत आणि एका कुशीत दुखते आहे. पोटावरून गर्भाशय रिकामे दिसते, तेवढ्यावर निष्कर्ष काढता येत नाही. आतल्या प्रोबने गर्भनलिकेत रुजलेला छोटा गर्भ दिसू शकतो. नलिका फुटण्याआधी तो कळला तर जीव वाचतो. उलट, बेंबीपर्यंत वाढलेली गाठ या प्रोबच्या टप्प्यात पूर्ण मावत नाही. ती पोटावरूनच पाहावी लागते. अविवाहित मुलींचीही तपासणी सहसा पोटावरूनच करतात.