हास्यध्वनी आणि चौथी भिंत : विनोदी मालिकांच्या चित्रीकरणपद्धतीचा निर्णय

अमेरिकन दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांचे एककॅमेरा आणि बहुकॅमेरा असे दोन वर्ग करण्याचा प्रघात आहे. एखाद्या जुन्या मालिकेचे केवळ लिखित वर्णन हाती असता ती कोणत्या वर्गात पडते हे ठरवावयाचे झाल्यास अभ्यासक बहुधा हास्यध्वनीकडे पाहतो : पार्श्वभूमीला प्रेक्षकांचे हसणे ऐकू येते, तेव्हा ती बहुकॅमेरा असली पाहिजे. हे अनुमान कितपत ग्राह्य आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम बहुकॅमेरा पद्धतीचा उगम पाहू. १९५१ साली ‘आय लव्ह ल्यूसी’ ही मालिका सुरू झाली. त्या काळी असे कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित होत आणि दूरच्या प्रदेशांना त्यांची, पडद्यावरून उतरवून घेतलेली, अस्पष्ट फिल्म पाहावी लागे. ल्यूसिल बॉल आणि देसी आर्नाझ या दांपत्याला हॉलिवूड सोडावयाचे नव्हते. म्हणून प्रेक्षकांसमोर नाटकाप्रमाणे प्रयोग करावा आणि तो तीन कॅमेऱ्यांनी एकाच वेळी ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर टिपावा, अशी योजना झाली. अनेक कॅमेरे एकदम वापरण्याचे प्रयत्न त्यापूर्वीही झाले होते. परंतु या मालिकेच्या यशाने ती पद्धती रूढ झाली. छायालेखक कार्ल फ्राउंड यांच्यापुढील अडचण प्रकाशाची होती. तिन्ही कॅमेऱ्यांना एकच क्षण टिपावयाचा असल्याने प्रत्येक दृश्यकोनासाठी दिवे बदलणे शक्य नव्हते. त्यांनी दिवे वर टांगून साऱ्या नेपथ्यावर सारखा प्रकाश पसरला.

यातून दोन परिणाम अपरिहार्यपणे निघतात. एक, प्रकाश सपाट होतो. दुसरा अधिक महत्त्वाचा : खोलीची चौथी भिंत नाहीशी होते, कारण तेथे कॅमेरे आणि त्यांच्यामागे प्रेक्षक असतात. याउलट एककॅमेरा पद्धतीत तोच संवाद निरनिराळ्या कोनांतून पुनःपुन्हा अभिनीत होतो व प्रत्येक वेळी दिवे नव्याने लावले जातात. त्यामुळे कॅमेरा दोन पात्रांच्या मधे जाऊ शकतो, पूर्ण वळून चौथी भिंतही दाखवू शकतो. येथे ‘एक’ ही संख्या शब्दशः घेऊ नये. प्रसंगी दोन कॅमेरे वापरले, तरी चित्रीकरण तुकड्यातुकड्यांनी होत असेल तर पद्धती तीच राहते.

आता हास्यध्वनीचे प्रमाण ‘द ऑड कपल’ या मालिकेवर तपासून पाहू. एकत्र राहणाऱ्या दोन घटस्फोटित मित्रांची ही कथा. १९७०च्या पहिल्या पर्वाचे चित्रीकरण एककॅमेरा पद्धतीने झाले आणि त्याला मागाहून ध्वनिमुद्रित हास्य जोडण्यात आले. प्रमुख नटांना ते कृत्रिम हसणे रुचत नव्हते. १९७१च्या दुसऱ्या पर्वापासून तीन कॅमेरे व प्रत्यक्ष प्रेक्षक आले, आणि त्यासाठी बिऱ्हाडाचे नवे, अधिक विस्तृत नेपथ्य उभारावे लागले. पात्रे तीच, कथावस्तू तीच, हास्यध्वनीही दोन्हीकडे. बदलली ती पद्धती. अर्थात ‘दोघे मित्र बिऱ्हाडात भांडतात आणि प्रेक्षक हसतात’ एवढ्या वर्णनावरून पर्व ओळखता येणार नाही.

उलट बाजूचे उदाहरण ‘हाउ आय मेट युवर मदर’ (२००५–२०१४) हे होय. येथे कॅमेरे अनेक होते. परंतु प्रसंग लहान आणि काळाची उलटापालट फार, म्हणून चित्रीकरणाच्या वेळी प्रेक्षक बसविले जात नसत. तयार झालेला भाग नंतर प्रेक्षकांना दाखवून त्यांचे हसणे टिपले जाई. म्हणजे खरे हसणेदेखील चित्रीकरणाच्या वेळी प्रेक्षक उपस्थित असल्याचा पुरावा ठरत नाही.

भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर हास्यध्वनी हे भेदक लक्षण नव्हे. ते दोन्ही वर्गांत आढळते. वर्णनात शोधावयाचे ते वेगळे. खोली नेहमी एकाच बाजूने दिसते काय? पात्रे कोचावर एकाच दिशेस तोंड करून बसतात काय? नट वाक्य अडवून हसे ओसरण्याची वाट पाहतो काय? या प्रश्नांची होकारार्थी उत्तरे एकत्र मिळाली, तर बहुकॅमेरा पद्धतीचे अनुमान बळावते. पात्राच्या खांद्यामागून समोरची भिंत आणि लगेच उलट दिशेने दुसरी भिंत दिसल्याचा, किंवा रस्त्यावरील दीर्घ प्रसंगांचा उल्लेख वारंवार असेल, तर एककॅमेऱ्याकडे झुकावे. एखादा बाह्यप्रसंग मात्र निर्णायक नाही, कारण बहुकॅमेरा मालिकांतही असे तुकडे स्वतंत्रपणे चित्रित करून जोडले जातात.

शेवटी एक मर्यादा नोंदविली पाहिजे. वर्णनकार बहुधा कथा सांगतो, खोली सांगत नाही. ज्या वर्णनात अवकाशाचा एकही तपशील नाही, तेथे पद्धतीचा निर्णय राखून ठेवणे हेच शास्त्रशुद्ध होय. आणि असलेल्या तपशिलावरून काढलेला निष्कर्षही त्या पर्वापुरताच मानावा, संपूर्ण मालिकेला लावू नये.