भास्कराचार्यांची गती आणि पावलाचा प्रश्न

तिथी केव्हा संपणार, हे आधी सांगावयाचे असेल तर चंद्र सूर्यापुढे किती वेगाने जात आहे हे माहीत हवे. हा वेग काढण्याची साधी रीत सर्वांस सुचेल अशीच आहे. आजच्या सूर्योदयीचे स्थान उद्याच्या सूर्योदयीच्या स्थानातून वजा करावे. जी बाकी राहील ती दिवसाची गती. पण चंद्राची गती एका दिवसात बरीच पालटते. म्हणून भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त दोन गती वेगळ्या मानल्या. दोन दिवसांच्या वजाबाकीतून येते ती स्थूल, आणि त्या क्षणाची जी असते ती तात्कालिक. तिथ्यंत जवळ असेल तर चंद्राकरिता तात्कालिक गतीच घ्यावी, असे त्यांनी सांगितले.

येथे कोणीही सहज विचारील : दिवसाचे अंतर मोठे पडत असेल तर घटकेचे घ्यावे, घटकेचेही मोठे वाटले तर पळाचे घ्यावे. अंतर जितके लहान तितकी गती अचूक, असे का म्हणू नये? आम्हांसही प्रथमदर्शनी हे तर्कशुद्ध वाटते. परंतु ते खरे नाही. का नाही, हे पाहण्यासाठी त्या काळच्या गणिताचे मूळ साधन, म्हणजे ज्यांचे कोष्टक, हाती घेऊ.

आर्यभटाने इ. स. ४९९ च्या आपल्या ग्रंथात नव्वद अंशांचे चोवीस भाग पाडले. प्रत्येक भाग २२५ कलांचा. त्रिज्या ३४३८ कला धरली आणि ज्यांतील फरक पूर्ण कलांत दिले : २२५, २२४, २२२, २१९ असे उतरत जाणारे. ते मिळवीत गेले की ३० अंशांची ज्या १७१९ येते, तिच्या मागची १५२० आणि पुढची १९१०. आता प्रश्न असा करू : ३० अंशांपाशी कोन एक कला वाढला तर ज्या किती कलांनी वाढते? खरे उत्तर आज आपणांस ठाऊक आहे : ०.८६६.

कोष्टकावरून काढू. १९१० मधून १७१९ वजा केले, १९१ उरले. त्यांस २२५ ने भागले की ०.८४९ येतात. उत्तर कमी पडले. मग पाऊल लहान करू. अशाच पूर्ण कलांत मांडलेले अधिक दाट कोष्टक आपण मनाशी कल्पू. एका अंशाचे, म्हणजे ६० कलांचे, पाऊल घेतले तर ३१ अंशांची ज्या १७७१. फरक ५२, उत्तर ०.८६७. वाहवा! आता दहा कलांचे पाऊल. खरी ज्या १७२७.६५ आहे, पण कोष्टकात १७२८ लिहावी लागेल. फरक ९, उत्तर ०.९. शेवटी एकच कला पुढे जाऊ. खरी ज्या १७१९.८७, लिहिलेली १७२०. फरक १, उत्तरही १! पाऊल सर्वांत लहान झाले आणि उत्तर सर्वांत वाईट आले.

कारण असे की येथे दोन वेगळ्या चुका आहेत. पहिली पावलाची. ज्येचा वेग वाटेत मंदावत जातो. म्हणून लांब पाऊल टाकले की पायथ्याचा वेग न मिळता वाटेतली सरासरी मिळते. ही चूक पावलाच्या प्रमाणात असते. ३० अंशांपाशी ती पावलाच्या कलांना १३७५२ ने भागल्याइतकी येते. दुसरी चूक आकड्याची. कोष्टकातला प्रत्येक आकडा अर्ध्या कलेपर्यंत चुकलेला असू शकतो; दोन आकड्यांची वजाबाकी केली की चूक एका कलेपर्यंत जाऊ शकते. तिला पावलाने भागावयाचे असते, म्हणून पाऊल लहान होईल तसतशी ती फुगते.

एक चूक पावलाबरोबर वाढते, दुसरी त्याबरोबर घटते. दोन्ही सारख्या होतात तेथे बेरीज सर्वांत कमी. १३७५२ चे वर्गमूळ काढले की सुमारे ११७ कला, म्हणजे जवळजवळ दोन अंश, येतात. तेथे एकूण चूक फार तर ०.०१७. गंमत अशी की २२५ कलांना व ६० कलांना ही मर्यादा ०.०२१ च्या आसपास सारखीच आहे. ६० कलांना आलेले सुंदर उत्तर हा निव्वळ योग होता. त्यातून एक सोयीची गोष्टही कळते : या दरीचा तळ सपाट आहे. पाऊल दुप्पट किंवा निमपट झाले तरी फारसे बिघडत नाही. दहापट चुकले की मात्र सर्व हातचे जाते.

तेच आकडे अधिक चांगल्या रीतीने वापरता येतात. ३० अंशांची ज्या बाजूस ठेवून तिच्या मागची व पुढची घेतली तर १९१० उणे १५२०, म्हणजे ३९०. भागिले ४५०, उत्तर ०.८६७. दोन्ही बाजूंना सारखे पाऊल टाकल्याने मंदावण्याचा मुख्य परिणाम आपोआप कटतो, आणि उरलेली पावलाची चूक पावलाच्या वर्गाने बदलते. म्हणून येथे पाऊल लांब ठेवणे परवडते. या रीतीचा समतोल सुमारे २७४ कलांवर येतो. आर्यभटाच्या २२५ कला त्याच्या किती जवळ आहेत! त्याने हा हिशेब मनात धरून पाऊल निवडले असे आम्ही म्हणत नाही. परंतु पूर्ण कलांच्या कोष्टकास ते पाऊल शोभते, एवढे खरे.

खरे उत्तर ठाऊक नसताना आकड्याची चूक ओळखावी कशी? फरकांचे फरक काढावेत. आर्यभटाच्या २१५, २१०, २०५, १९९, १९१, १८३, १७४ या फरकांचे फरक ५, ५, ६, ८, ८, ९ असे येतात. खरी ओळ सावकाश चढणारी हवी. ही मात्र अडखळत चढते. पुन्हा फरक काढले तर ०, १, २, ०, १ असे येतात. त्यांत ज्येचा नियम दिसेनासा होतो. ज्या पायरीवर नियम हरवला, त्याखालचे आकडे कोष्टकाची शेवटची कला बोलत आहेत, वक्राचा स्वभाव नव्हे.

चंद्राच्या बाबतीत ही गोष्ट पंचांगापर्यंत पोहोचते. त्याच्या मंदफलाची कमाल सुमारे ३०२ कला आणि केंद्राची रोजची गती ७८४ कला. तेव्हा गतीतील सुधारणा सुमारे ६९ कला गुणिले आपला हा वेग. ०.८६६ च्या जागी १ धरला तर रोजच्या गतीत ९ कलांचा फरक पडतो. तिथ्यंत अर्धा दिवस दूर असेल तर वेळ सुमारे दहा मिनिटांनी चुकते. सूर्योदयाच्या आगेमागे संपणाऱ्या एकादशीस दहा मिनिटे थोडी नव्हेत.

भास्कराचार्यांनी यावर जो मार्ग काढला तो पाऊल निवडण्याचा नव्हेच. त्यांनी वजाबाकीच टाळली. तात्कालिक फरक म्हणजे २२५ गुणिले कोटिज्या, भागिले त्रिज्या, असा नियम त्यांनी दिला. मुंजालाच्या इ. स. ९३२ च्या ‘लघुमानसा’तही गतीच्या सुधारणेसाठी कोटिज्येचा उपयोग आढळतो. आर्यभटाच्या कोष्टकातील ६० अंशांची ज्या, म्हणजे ३० अंशांची कोटिज्या, २९७८ घेतली तर वेग ०.८६६२ येतो. कोटिज्येतही अर्ध्या कलेची चूक असेल. पण ती लहान पावलाने भागली जात नाही, ३४३८ ने भागली जाते.

आजचे संगणकयंत्र सुमारे सोळा अंक धरते, तरी हिशेब तोच. साधारण एकच्या आसपासच्या संख्येस पुढच्या पावलाची रीत वापरली तर उत्तम पाऊल एक भागिले दहा कोटी इतके येते आणि सोळांपैकी आठच अंक हाती लागतात. दोन्ही बाजूंच्या रीतीस एक लक्षांशाच्या आसपासचे पाऊल पुरते आणि दहाअकरा अंक मिळतात. पाऊल सोळाव्या स्थानापलीकडे नेले तर मिळवलेले मुळात उमटतच नाही. दोन्ही आकडे एकच होतात आणि वेग शून्य येतो. ज्याचा नियम माहीत आहे तेथे भास्कराचार्यांप्रमाणे नियम वापरावा. जेथे केवळ कोष्टक किंवा वेधच हाती आहेत, तेथे शेवटचा आकडा किती खरा आहे हे आधी विचारावे आणि मग पाऊल उचलावे.